दोनपैकी एकच आकडा

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये पगाराचा वाद लवादापुढे जातो, तेव्हा लवादांच्या हाती एक करारपत्र दिलं जातं. त्याच्या दोन प्रती असतात. खेळाडूची सही झालेली असते, क्लबची सही झालेली असते, सगळ्या अटी भरलेल्या असतात. फक्त पगाराच्या आकड्याची जागा कोरी असते. समोर दोन आकडे असतात, एक खेळाडूने मागितलेला आणि एक क्लबने देऊ केलेला. लवादांनी दोन्ही बाजू ऐकायच्या आणि साधारण 24 तासांत त्या कोऱ्या जागी यांपैकी एक आकडा लिहायचा. तिसरा आकडा लिहिण्याचा अधिकार त्यांना नाही. दोघांच्या मधला लिहिता येत नाही आणि स्वतःला योग्य वाटलेलाही लिहिता येत नाही. निवाड्याची कारणंसुद्धा द्यायची नसतात.

या पद्धतीला अंतिम प्रस्तावाचा लवाद म्हणतात. बेसबॉलमुळे ती इतकी गाजली की वकील मंडळी तिला सरळ ‘बेसबॉल पद्धत’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती विचित्र वाटते. ज्याला न्याय करायला बसवलं, त्याचेच हात का बांधायचे? दोघांचंही थोडंथोडं बरोबर असेल, तर त्याने मधला मार्ग का काढू नये? पण हात बांधण्यातच या पद्धतीचं सगळं मर्म आहे, आणि ते समजून घ्यायचं तर आधी हात मोकळे असलेल्या लवादाचं काय होतं ते पाहायला हवं.

नेहमीच्या लवादात दोन्ही पक्ष आपापली मागणी आणि पुरावे मांडतात. लवाद ते तपासतो आणि त्याला योग्य वाटेल तो निवाडा देतो. मागणी 60ची आणि देऊ केलेले 30 असतील, तर तो 30 देऊ शकतो, 60 देऊ शकतो, 42 देऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. अडचण निवाड्याच्या आधी, वाटाघाटीत सुरू होते. लवाद शेवटी दोघांच्या मधे कुठेतरी येऊन थांबेल, असा समज दोन्ही बाजूंचा असतो. एकदा हा समज असला, की मागणाऱ्याने मागणी फुगवणं आणि देणाऱ्याने हात आखडणं हेच शहाणपणाचं ठरतं. मी 60ऐवजी 80 म्हणालो, तर मधला आकडा 45वरून 55वर जातो. मग 60 कशाला म्हणू? समोरचाही तोच हिशेब उलट्या दिशेने करतो. वाटाघाटीच्या टेबलावर कुणी सवलत दिलीच, तर ती लवादापुढे आपली नवी सुरुवात धरली जाईल या भीतीने कुणीच पुढे सरकत नाही.

श्रमसंबंधांच्या अभ्यासकांनी या दुखण्याचे दोन भाग वेगळे ओळखले. पहिला म्हणजे वाटाघाटी गोठणं. दुसरा म्हणजे लवादाचं व्यसन. एकदा वाद लवादावर सोपवला की संघटनेच्या पुढाऱ्याला सदस्यांपुढे सांगता येतं की मी झुकलो नाही, लवादाने ठरवलं. व्यवस्थापनालाही तेच सांगता येतं. ही सोय इतकी हवीहवीशी असते, की पुढच्या वर्षीही मंडळी तिथेच जातात आणि आपसात तोडगा काढायची सवयच मोडते.

आता लवाद खरोखरच इतके सरळसोट मधला आकडा काढतात का? तसं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. हेन्री फार्बर आणि मॅक्स बेझरमन यांनी 1980च्या दशकात प्रत्यक्ष लवादांपुढे कल्पित प्रकरणं ठेवून त्यांचे निर्णय तपासले. लवाद प्रस्तावांपेक्षा प्रकरणातल्या वस्तुस्थितीला जास्त वजन देतात आणि दोन्ही प्रस्ताव एकमेकांपासून फार लांब असले की प्रस्तावांकडे आणखीच कमी पाहतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे चांगला लवाद फुगवलेली मागणी ओळखतो. पण वाटाघाटी करणाऱ्या माणसाच्या वागण्यावर लवाद काय करतो यापेक्षा तो काय करेल अशी त्याला धास्ती आहे याचा परिणाम जास्त होतो. नेहमीच्या लवादात अवाजवी मागणी केल्याबद्दल शिक्षा मात्र काहीच नाही. फार तर फायदा होणार नाही, इतकंच.

ही शिक्षा तयार करण्याची कल्पना कार्ल स्टीव्हन्स या अर्थतज्ज्ञाने 1966 साली मांडली. त्याच्यासमोर प्रश्न होता तो सक्तीच्या लवादाचा. पोलीस, अग्निशमन दल अशा सेवांमध्ये संप होऊ देता येत नाही, म्हणून तिथे संपाच्या जागी लवाद आणायचा विचार चालू होता. पण संपाची एक गोष्ट लवादात नव्हती. संप दोघांनाही महागात पडतो. कामगाराचा पगार बुडतो, मालकाचं काम थांबतं, आणि त्या भीतीपोटीच बहुतेक वेळा संपाआधी तडजोड होते. लवादाला अशी किंमत नसेल, तर तडजोड कशाला करायची? स्टीव्हन्सचं उत्तर असं होतं की लवादालाच धोकादायक करा. त्याला दोनपैकी एकच प्रस्ताव निवडू द्या. मग जास्त अवाजवी बोलणारा सगळंच गमावील, आणि ही भीती संपाच्या भीतीचं काम करील.

1970च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी सरकारी नोकरांसाठी या कल्पनेवर कायदे केले. पण तिचं सगळ्यात स्वच्छ रूप दिसलं ते बेसबॉलमध्ये. 1973 साली मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारात ही पद्धत आली आणि पहिल्या सुनावण्या फेब्रुवारी 1974मध्ये झाल्या. त्या काळी खेळाडू एका क्लबला जन्माचा बांधलेला असे. करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क क्लबकडे राहत असे, त्यामुळे क्लब देईल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा, इतकाच पर्याय होता. मार्व्हिन मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले अर्थतज्ज्ञ तेव्हा खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख होते. खेळाडूच्या हातात वाटाघाटीचं हे पहिलं खरं हत्यार त्यांच्या काळात आलं. पहिल्या वर्षी 29 सुनावण्या झाल्या. 13 खेळाडू जिंकले, 16 क्लब जिंकले. ओकलंडचा रेजी जॅक्सन याने 1,35,000 डॉलर मागितले होते, क्लबने 1,00,000 देऊ केले होते. जॅक्सन जिंकला आणि त्याला पूर्ण 1,35,000 मिळाले.

आज ही सोय साधारण तीन ते सहा वर्षं नोकरी झालेल्या खेळाडूंना आहे. तीन वर्षांच्या आत क्लब ठरवील तो पगार, सहा वर्षांनंतर खेळाडू कुठल्याही क्लबशी बोलायला मोकळा. मधली वर्षं लवादाची. जानेवारीत ठरलेल्या दिवशी दोन्ही बाजू आपापला आकडा देतात. त्यानंतरही आपसात तडजोड करता येते, पण सुनावणी झालीच तर हे दोनच आकडे. सुनावणीत प्रत्येक बाजूला मांडणीसाठी एक तास आणि समोरच्याचं खोडून काढायला अर्धा तास मिळतो. पूर्वी एकच लवाद असे, आता तिघांचं मंडळ बसतं.

लवादांनी काय पाहायचं आणि काय पाहायचं नाही, हे करारात नेमकं लिहिलेलं आहे. मागच्या हंगामातली कामगिरी, कारकिर्दीतलं सातत्य, आधीचा पगार, शारीरिक किंवा मानसिक उणिवा, संघाचं अलीकडचं यश आणि प्रेक्षकसंख्या, आणि मुख्य म्हणजे तितकीच नोकरी झालेल्या, तशाच खेळाडूंना काय मिळतं हे, एवढ्या गोष्टी चालतात. क्लबची किंवा खेळाडूची आर्थिक स्थिती चालत नाही. वर्तमानपत्रातली स्तुती-निंदा चालत नाही. दुसऱ्या खेळांतले पगार चालत नाहीत. आणि वाटाघाटीत कुणी काय देऊ केलं होतं, हेही सांगता येत नाही. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. आधी दाखवलेला मोकळेपणा पुढे आपल्याच विरुद्ध वापरला जाणार नाही याची खात्री असल्याशिवाय कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

आता एक प्रकरण जवळून पाहू. डेलिन बेटान्सेस हा न्यूयॉर्क यँकीजचा गोलंदाज. तो मधल्या डावांत येऊन समोरच्या संघाला थोपवून धरायचा. 2014, 2015 आणि 2016 या तिन्ही वर्षी त्याची ऑल-स्टार संघात निवड झाली. 2016 साली त्याने 73 डावांत 126 फलंदाज स्ट्राइकआउट केले. 2016मध्ये त्याचा पगार मात्र पाच लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे जवळपास किमान वेतनाइतका होता. 2017मध्ये तो पहिल्यांदा लवादासाठी पात्र झाला. त्याने 50 लाख डॉलर मागितले. यँकीजनी 30 लाख देऊ केले.

इथे लवादांपुढचा प्रश्न ‘याला किती द्यावं’ हा नव्हता. दोन आकड्यांचा मध्य 40 लाख. या खेळाडूची किंमत 40 लाखांच्या वर आहे की खाली, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. क्लबचा युक्तिवाद असा की 50 लाख ही रक्कम सामन्याची शेवटची षटकं टाकून विजय पक्का करणाऱ्या गोलंदाजांना मिळते. असे वाचवलेले सामने स्वतंत्र मोजले जातात आणि बाजारात त्यांना वेगळा भाव असतो. बेटान्सेसच्या नावावर पूर्ण कारकिर्दीत असे 22 सामने होते. मधल्या डावांत गोलंदाजी करणाऱ्यांना पहिल्या वर्षी एवढी रक्कम कधी मिळालेली नव्हती. खेळाडूच्या बाजूचं म्हणणं होतं की कामगिरी पाहा, हा नेहमीच्या साच्यात बसणारा गोलंदाज नाही. मंडळाने 30 लाखांचा आकडा लिहिला.

तिथे बसलेल्या लवादांना बेटान्सेसची किंमत 30 लाख वाटली असेलच असं नाही. त्यांना कदाचित ती 38 किंवा 39 लाख वाटली असेल. पण 39 हा आकडा 50पेक्षा 30च्या जवळ आहे, आणि त्यामुळे 39ची किंमत असलेल्या माणसाच्या पदरात 30 पडतात. त्याने 46 मागितले असते, तर मध्य 38वर आला असता आणि तोच लवाद 46 लिहून मोकळा झाला असता. वरचे चार लाख मागण्याची किंमत सोळा लाख पडली, असं अशा वेळी म्हणता येतं. मागणाऱ्याला शेवटच्या रात्री जाग आणणारा विचार हाच.

हा विचार आकड्यांत मांडून पाहू, कारण या पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात. समजा एका खेळाडूची योग्य किंमत लवादाला साधारण 40 लाख वाटेल असा दोन्ही बाजूंचा अंदाज आहे. पण लवादाच्या मनातलं कुणाला पक्कं माहीत नाही. तीनपैकी दोन शक्यता अशा, की त्याच्या मनातला आकडा 36 ते 44 लाखांमध्ये असेल. क्लबने 35 लाख देऊ केले आहेत. खेळाडूने किती मागावं?

त्याने 45 मागितले, तर मध्य 40 येतो आणि जिंकण्याची शक्यता निम्मी. सरासरीने त्याच्या हाती 40 लाख येतात. आता तो हावरा झाला आणि 50 मागितले. मध्य 42.5वर गेला. जिंकण्याची शक्यता चारात एकापेक्षा थोडीशीच जास्त. सरासरी सुमारे 39 लाखांवर उतरली. त्याने 60 मागितले, तर मध्य 47.5 होतो आणि शंभरात तीनच वेळा तो जिंकेल. सरासरी 36 लाखांच्याही खाली. नेहमीच्या लवादात, आणि तो लवाद मधला आकडा काढणारा असेल तर, याच 60च्या मागणीने त्याला 47.5 लाख मिळवून दिले असते. तोच खेळाडू, तोच क्लब, तीच कामगिरी. पण एका नियमात फुगवलेली मागणी कमाई करते आणि दुसऱ्यात ती माणसाला बुडवते. प्रत्येक जादा लाखामागे मध्य अर्ध्या लाखाने समोरच्याच्या सोयीच्या दिशेने सरकतो आणि आपली बाजू तेवढी कमकुवत होते, हे सारं यंत्र त्यावर चालतं.

पण याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बऱ्याचदा सांगायची राहून जाते. खेळाडूने फारच शहाणपणा करून 43 मागितले, तरी त्याचं नुकसानच होतं. जिंकण्याची शक्यता 60 टक्क्यांवर जाते, पण सरासरी 40च्या किंचित खाली राहते. म्हणजे त्याच्यासाठी 45च बरा. तसंच क्लबसाठी 35. दोघांचे प्रस्ताव 40वर येऊन एकमेकांना भेटत नाहीत. त्यांच्यात दहा लाखांचं अंतर उरतंच. स्टीव्हन ब्रॅम्स आणि सॅम्युएल मेरिल या दोघांनी 1983 साली हे गणिताने दाखवून दिलं. लवादाच्या मनाबद्दल जितकी अनिश्चितता जास्त, तितकं हे अंतर मोठं. म्हणून अंतिम प्रस्तावाची पद्धत दोघांना एकाच आकड्यावर आणते असं म्हणणं बरोबर नाही. ती दोघांना टोकांवरून ओढून अशा पट्ट्यात आणते, की जिथून पुढचं अंतर ते स्वतः बोलून मिटवू शकतील. मिटवायची घाई त्यांना असते, कारण पुढे जुगार आहे.

आणि बहुतेक जण मिटवतात. दरवर्षी लवादासाठी पात्र खेळाडू दीडशे-दोनशेच्या घरात असतात. प्रत्यक्ष सुनावणीपर्यंत जाणारे डझन-दोन डझन. क्लबांनी तर अलीकडे वेगळाच पवित्रा घेतला आहे. आकडे दिले गेले की एका वर्षाच्या पगारावर पुढे बोलायचं नाही, थेट सुनावणी. त्यामुळे जानेवारीतला आकडे देण्याचा दिवस हीच खरी शेवटची तारीख बनली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत करारांची रांग लागते. पद्धत यशस्वी झाली की तिचा वापर कमी होतो, आणि तिची खरी कामगिरी सुनावण्यांच्या यादीत न दिसता, न झालेल्या सुनावण्यांत दिसते.

जिंकणाऱ्यांची टक्केवारी पाहून कुणी निष्कर्ष काढू लागलं, तर मात्र जपून. बेसबॉलमध्ये आजवर निम्म्याहून जास्त सुनावण्या क्लबांनी जिंकल्या आहेत. न्यू जर्सी राज्यात पोलिसांच्या पगारासाठी 1970च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत होती. तिथे उलट, सुमारे दोन तृतीयांश निवाडे संघटनेच्या बाजूने गेले. लवाद पोलिसांच्या बाजूचे होते का? ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर आणि डेव्हिड ब्लूम या अर्थतज्ज्ञांनी ते निवाडे तपासले. लवाद पक्षपाती नव्हते, पण संघटनांचे प्रस्ताव जास्त सावध होते, असा त्यांचा अर्थ निघाला. ज्याला हरण्याची भीती जास्त, तो मध्याच्या जवळचा आकडा देतो. तो जास्त वेळा जिंकतो, पण कमी रकमेवर जिंकतो. ही गोष्ट मला या पद्धतीतला खरा अन्याय वाटते. लवाद दोघांना सारखं वागवतो, पण पद्धत धाडसी माणसाला आणि भित्र्या माणसाला सारखं वागवत नाही. अब्जावधींच्या क्लबला एक प्रकरण हरलं तरी फरक पडत नाही. ज्याच्या कारकिर्दीत अशा तीनच संधी आहेत त्या खेळाडूला पडतो.

दुसरी जखम नात्याला होते. मध्य हाच निकष असल्यामुळे क्लबला आपल्याच खेळाडूसमोर बसून तो किती कमी दर्जाचा आहे हे दीड तास सिद्ध करावं लागतं. बेटान्सेसच्या निकालानंतर यँकीजच्या अध्यक्षांनी पत्रकारांसमोर त्याच्या एजंटांवर जाहीर टीका केली, आणि खेळाडू दुखावला गेल्याचं त्याने स्वतः सांगितलं. 2023 साली मिलवॉकीचा गोलंदाज कॉर्बिन बर्न्स याने 1 कोटी 7.5 लाख डॉलर मागितले होते, क्लबने 1 कोटी 10 हजार. फरक साडेसात लाखांच्याही आत, एवढ्या मोठ्या पगाराच्या मानाने किरकोळच. बर्न्स हरला. आदल्या वर्षी संघ बाद फेरीत न पोहोचण्याचा दोष सुनावणीत आपल्या माथी मारला गेला, नातं दुखावलं, असं तो उघड म्हणाला. वर्षभराने क्लबने त्याला दुसऱ्या संघाकडे दिलं. त्या सुनावणीमुळेच दिलं असं म्हणता येणार नाही. पण दोन आकड्यांतलं अंतर कमी असतं तेव्हा सुनावणीला जाण्यात अर्थ सगळ्यात कमी असतो, आणि मनं दुखावतात ती तेवढीच.

बेसबॉलला ही पद्धत इतकी चपखल बसली, त्याचं कारण तिथे वाद एका आकड्याचा आहे. कामगार करारात पगार, रजा, आरोग्य विमा, पाळ्या, बढती अशी वीस कलमं असतात. सगळं एकाच गाठोड्यात निवडायचं म्हटलं, तर उत्तम प्रस्तावात एखादं घातक कलम लपवून पुढे ढकलता येतं. लवादाला ते कलम दिसतं, पण काढता येत नाही. म्हणून आयोवासारख्या राज्याने कलमागणिक वेगळी निवड करण्याचा मार्ग घेतला. त्यात गाठोड्याचा धोका जातो. पण मग लवाद एक कलम याला, एक त्याला असं वाटू लागतो, आणि ज्या मधल्या मार्गापासून सुटका हवी होती तोच मागच्या दाराने परत येतो. कुठला धोका पत्करायचा हे ठरवावंच लागतं. दोन्ही टाळता येत नाहीत.

आणखी एक प्रकार आहे, त्याला रात्रीचं बेसबॉल म्हणतात. त्यात दोन्ही आकडे लवादापासून लपवून ठेवतात. तो नेहमीसारखा आपला आकडा लिहितो, आणि मग पाकिटं उघडून त्याच्या आकड्याच्या जवळचा प्रस्ताव मान्य केला जातो. दबाव तोच राहतो. लवादाचं मन प्रस्तावांकडे पाहून झुकण्याचा धोका जातो, आणि त्याला दोन चुकीच्या आकड्यांतून एकाखाली सही करण्याचा मनस्ताप होत नाही.

सगळ्यात मोठी कसोटी मात्र अमेरिकेतल्या दवाखान्यांनी घेतली. तिथे रुग्ण विम्याच्या यादीतल्या रुग्णालयात जातो, पण भूल देणारा किंवा तातडीच्या विभागातला डॉक्टर यादीबाहेरचा निघतो आणि नंतर प्रचंड बिल येतं. ते थांबवणारा कायदा जानेवारी 2022पासून लागू झाला. रुग्णाला वादातून बाहेर काढलं आणि डॉक्टर व विमा कंपनी यांच्यातला हिशेब अंतिम प्रस्तावाच्या लवादावर सोपवला. बेसबॉलप्रमाणे इथेही बहुतेक वाद आपसात मिटतील अशी अपेक्षा होती. सरकारचा अंदाज वर्षाला वीस हजारांच्या आसपास प्रकरणांचा होता. पहिल्या वर्षभरात तीन लाखांहून जास्त दाखल झाली. निवाडे झालेल्यांपैकी बहुसंख्य डॉक्टरांच्या बाजूने गेले.

पद्धत तीच असून असं का झालं? मला याची दोन कारणं दिसतात. बेसबॉलमध्ये मध्य कुठे असेल याचा अंदाज दोन्ही बाजूंना असतो, कारण तुलनेचे पगार जाहीर आहेत आणि 1974पासूनचे निकाल समोर आहेत. इथे योग्य दर म्हणजे काय यावरच वाद होता. विमा कंपनीच्या नेहमीच्या दरांचा मध्य हाच मुख्य आधार धरावा, असा सरकारी नियम होता. तो टेक्सासच्या न्यायालयाने 2022मध्येच रद्द केला. लवाद काय पाहील हेच ठाऊक नसेल, तर हरण्याची भीतीही धूसर होते. दुसरं कारण म्हणजे जुगाराची भीती एकदाच खेळणाऱ्याला वाटते. हजारो प्रकरणं एकगठ्ठा दाखल करणाऱ्या मोठ्या वैद्यकीय कंपनीला एका निकालाची पर्वा नसते, तिला सरासरी कळते. ती सरासरी फायद्याची दिसली, की आपसात मिटवायचं कारणच उरत नाही. स्टीव्हन्सने ज्या भीतीवर सगळी उभारणी केली होती, ती भीती इथे एका बाजूला नव्हतीच.

आपल्याकडे 1996च्या लवाद आणि सलोखा कायद्यात या पद्धतीचा उल्लेख नाही. पण पक्षांनी आपसात ठरवलेल्या कार्यपद्धतीला तो कायदा बरीच मोकळीक देतो. निवाड्याला कारणं द्यावी लागतात, पण कारणं नकोत असं दोन्ही पक्षांनी मान्य केलं असेल तर ती द्यावी लागत नाहीत, हे कलम 31मध्येच आहे. तेव्हा एखाद्या दीर्घ मुदतीच्या भाडेकरारात, पुरवठ्याच्या करारात, किंवा भागीदारीतून बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याच्या किमतीसाठी असं कलम घालायला वाव आहे. जिथे देणं लागतं हे दोघांना मान्य आहे आणि भांडण फक्त ‘किती’ याचं आहे, तिथेच ते घालावं. करार मोडला की नाही, माल निकृष्ट होता की नाही, अशा हो-नाहीच्या वादात ते निरुपयोगी आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंचा प्रस्ताव मुळातच टोकाचा असतो आणि सत्याला मधली जागा नसते.

कलम लिहिताना चार गोष्टी राहू देऊ नयेत. दोन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच वेळी, बंद पाकिटात द्यायचे. ते दिल्यावर बदलता येणार नाहीत, पण सुनावणीपर्यंत तडजोडीची मुभा राहील. आकडा कशाशी ताडून पाहायचा ते आधीच लिहायचं, म्हणजे भाड्यासाठी त्याच रस्त्यावरच्या तशाच गाळ्यांचे नोंदणीकृत करार, किंवा हिश्श्यासाठी मागच्या तीन वर्षांचा तपासलेला ताळेबंद. आणि वाटाघाटीत बोललेलं काहीही लवादापुढे आणायचं नाही. यातलं तिसरं कलम सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण ते लिहिताना करारावर सही करण्याआधीच एकदा भांडावं लागतं.